एक वक्र, एक रेघ आणि मुंबईचा प्लेग

2^x = x + 2

दहावी-अकरावीच्या कोणत्याही विद्यार्थ्यासमोर हे समीकरण ठेवले, तर तो मिनिटभरात उत्तर देईल: x = 2. दोनाचा वर्ग चार, आणि दोन अधिक दोन चार. उत्तर बरोबर आहे. पण ते मिळाले अंदाजाने. कोणत्याही सूत्राने नाही. शिवाय ते अर्धेच आहे. या समीकरणाला आणखी एक उकल आहे, ती ऋण बाजूला दडलेली असते आणि अंदाज बांधणाऱ्याला बहुतेक वेळा सापडत नाही.

सूत्र का चालत नाही, हे दोन ओळी करून पाहिले की कळते. डावीकडे x घातांकात बसला आहे. त्याला खाली उतरवण्याचे हत्यार म्हणजे लॉगॅरिदम. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की डावीकडे x मोकळा होतो खरा, पण त्याच क्षणी उजवीकडचा साधा x लॉगच्या कंसात अडकतो: x = log(x + 2) / log 2. घातांक उलटा फिरवला की लॉग परत येतो, लॉग उलटा फिरवला की घातांक. एका x ला सोडवावे तर दुसरा अडकतो. बेरीज, गुणाकार, घात, मूळ आणि लॉग या ओळखीच्या क्रिया कितीही वेळा केल्या, तरी दोन्ही x एका बाजूला एकत्र येत नाहीत.

अशा वेळी समीकरणाचे दोन तुकडे करायचे. डावी बाजू म्हणजे y = 2^x हा वक्र, उजवी बाजू म्हणजे y = x + 2 ही सरळ रेघ. दोन्ही एकाच आलेख कागदावर काढायचे आणि ते कुठे भेटतात ते पाहायचे. x = 2 पाशी ते भेटतात, हे आधीच माहीत आहे. आता डावीकडे सरकू. x = −1 ला वक्राची उंची ०.५ आणि रेघेची १, म्हणजे रेघ वर. x = −2 ला वक्र ०.२५ वर आणि रेघ शून्यावर, म्हणजे वक्र वर. मध्ये कुठेतरी दोघांची अदलाबदल झालीच पाहिजे. −१.६ ला रेघ अजून वर आहे, −१.७ ला वक्र वर गेला आहे, छेदनबिंदू −१.६९ च्या आसपास सापडतो.

तिसरी उकल नसेल कशावरून? याचे उत्तर वक्राच्या आकारात आहे. 2^x हा वक्र सतत एकाच दिशेने वळत जातो, मध्येच उलटा वळत नाही. असा वक्र सरळ रेघेला जास्तीत जास्त दोनदा छेदू शकतो. दोन बिंदू मिळाले की शोध संपला, ही खात्री आलेख देतो. हातात नुसते गणकयंत्र घेऊन अंदाज करत बसणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

घातांकी पद आणि रेषीय पद एकत्र आणणारी समीकरणे पाठ्यपुस्तकात कोडे म्हणून येतात, पण ती प्रत्यक्षातही अनेक ठिकाणी उगवतात. त्यांतले एक मुंबईशी जोडलेले आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढची अनेक वर्षे तो दर हंगामात परतत राहिला. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. वीसेक वर्षांनी त्या नोंदी एडिंबरोमध्ये दोन शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडल्या. त्यांपैकी अँडरसन मॅकेंड्रिक हे डॉक्टर. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भारतात नोकरी करून आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करून १९२० मध्ये ते स्कॉटलंडला परतले होते. दुसरे विल्यम केरमॅक, रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली, आणि त्यानंतरचे त्यांचे सारे गणित न पाहता झाले. १९२७ साली या दोघांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात साथींच्या गणितावर एक निबंध छापला. साथीचा अभ्यास करणारे आजही ज्या पायावर उभे आहेत, तो हाच. त्यात पडताळणीसाठी घेतलेले आकडे होते मुंबईच्या प्लेगचे.

त्यांचा मूळ प्रश्न असा होता: साथ संपते तेव्हा ती सगळ्यांना गाठून संपते की काही जण वाचलेले असतानाच ओसरते? आणि वाचतात तर किती?

हे समीकरण उभे कसे राहते, ते एका लहान वस्तीत पाहू. समजा, वस्तीत १००० माणसे आहेत आणि आजार सर्वांना सारखाच नवा आहे. प्रत्येक आजारी माणूस बरा होईपर्यंत सरासरी R जणांपर्यंत संसर्ग पोहोचवतो. तो कोणापर्यंत पोहोचेल हे निव्वळ योगायोगावर आहे, मग तो माणूस आधीच आजारी पडलेला का असेना. साथ संपेपर्यंत वस्तीचा z इतका हिस्सा आजारी पडला असे धरू. म्हणजे आजारी झाले १००० गुणिले z, आणि त्यांच्याकडून निघालेले एकूण संसर्ग झाले १००० गुणिले Rz.

आता एका माणसावर नजर ठेवा. एखादा संसर्ग त्याला चुकवून दुसऱ्या कोणाकडे जाण्याची शक्यता १००० पैकी ९९९, म्हणजे ०.९९९. समजा Rz ची किंमत १ आहे, म्हणजे एकूण १००० संसर्ग निघाले. ते सगळे त्याला चुकवून जाण्याची शक्यता किती? ०.९९९ ला स्वतःनेच हजार वेळा गुणायचे. उत्तर येते ०.३६७७. गणितातली e ही संख्या, सुमारे २.७१८, घेऊन e^(-1) काढले तर येते ०.३६७९. जवळपास तेच. वस्ती जितकी मोठी, तितके हे दोन आकडे एकमेकांच्या जवळ. सर्वसाधारणपणे, सुखरूप राहण्याची शक्यता म्हणजे e^(-Rz).

पण सुखरूप राहिलेल्यांचा हिस्सा आपल्याला दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे: तो 1 − z आहे. दोन्ही सारखे मांडले की झाले.

1 − z = e^(-Rz)

एकीकडे साधी रेघ, दुसरीकडे घातांक, आणि z दोन्हीकडे. लॉग घेतल्यास पुन्हा तीच अडवणूक.

आलेख काढण्यासाठी समीकरण जरा फिरवून घेणे सोयीचे: z = 1 − e^(-Rz). आडव्या अक्षावर z घ्या, शून्यापासून एकपर्यंत. रेघ आहे y = z, कागदाच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत वर जाणारी. वक्र आहे y = 1 − e^(-Rz); तोही त्याच कोपऱ्यातून निघतो, झपाट्याने चढतो, मग वाकत वाकत १ च्या उंचीजवळ सपाट होतो. कोपऱ्यात दोघे भेटतातच. z = 0 ही उकल म्हणजे साथ आलीच नाही. प्रश्न एवढाच की पुढे ते पुन्हा भेटतात का.

ते ठरते सुरुवातीच्या चढावर. रेघेचा चढ १ आहे. कोपऱ्यातून निघताना वक्राचा चढ असतो बरोबर R. जर R एकापेक्षा जास्त असेल, तर वक्र आधी रेघेच्या वर उचलला जातो. पण तो १ च्या पलीकडे जाऊ शकत नाही आणि रेघ तर चढतच राहते, म्हणून पुढे कुठेतरी रेघ त्याला गाठून छेदतेच. R एक किंवा त्याहून कमी असेल, तर वक्र सुरुवातीपासूनच रेघेच्या खाली राहतो आणि शून्याच्या उजवीकडे दुसरी भेट होत नाही. R एकाच्या खाली असताना रेघ वाढवून शून्याच्या डावीकडे नेली तर तिथे एक छेदनबिंदू सापडतो. पण ऋण संख्येइतकी माणसे आजारी पडत नाहीत, म्हणून तो सोडून द्यायचा.

साथ पसरण्यासाठी R एकाच्या वर हवा, ही गोष्ट करोनाच्या काळात वर्तमानपत्रांतून घरोघरी पोहोचली. तिचा गणिती पुरावा या चित्रात आहे, आणि त्यासाठी समीकरण सोडवावे लागलेले नाही. उकल किती आहेत आणि कुठल्या परिस्थितीत आहेत, हे नुसत्या दोन चढांच्या तुलनेवरून कळते.

दुसरी गोष्टही चित्रात स्पष्ट आहे. R कितीही मोठा असला तरी वक्र १ ला टेकत नाही, म्हणून छेदनबिंदू १ च्या अलीकडेच राहतो. साथ सगळ्यांना गाठत नाही. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्या निबंधातला हाच मोठा निष्कर्ष: साथ ओसरते ती माणसे संपली म्हणून नव्हे, तर आजाऱ्याच्या वाट्याला नवी, न बाधलेली माणसे पुरेशी येईनाशी होतात म्हणून.

आता प्रत्यक्ष आकडा काढू. R = 2 घेऊ; एक आजारी दोघांना संसर्ग देतो. कागदावर छेदनबिंदू ०.८ च्या जवळ दिसतो. तिथेच तपासून पाहायचे. z = 0.79 ला वक्राची उंची ०.७९४०, म्हणजे वक्र रेघेपेक्षा ०.००४० ने वर. z = 0.80 ला वक्राची उंची ०.७९८१, म्हणजे आता तो ०.००१९ ने खाली. उत्तर या दोनांच्या मध्ये आहे. इतक्या लहान अंतरात वक्र जवळजवळ सरळच असतो, म्हणून हे अंतर ४० आणि १९ या प्रमाणात वाटायचे: ०.७९ मध्ये ०.०१ चा सुमारे ६८ टक्के भाग मिळवला की ०.७९६८. चार दशांश स्थळांपर्यंत हे उत्तर अचूक आहे. शंभरातले जवळपास ऐंशी आजारी पडतील, वीस सुटतील.

आकडेमोड नको असेल तर आलेखावर पायऱ्या काढूनही तिथे पोहोचता येते. z = 0.5 पासून सुरू करा. वर वक्रापर्यंत जा, उंची ०.६३२, तिथून आडवे रेघेपर्यंत जा, म्हणजे नवा z झाला ०.६३२. पुन्हा वर, पुन्हा आडवे: ०.७१८, मग ०.७६२, मग ०.७८२. पायऱ्या लहान होत होत छेदनबिंदूत शिरतात. पहिली फेरी सोडली तर प्रत्येक फेरीत उरलेले अंतर मागच्याच्या निम्म्याहून कमी होते, कारण छेदनबिंदूपाशी वक्राचा चढ ०.४१ आहे. हा चढ १ च्या जवळ असता तर पायऱ्या मुंगीच्या पावलांनी सरकल्या असत्या.

आणि तसे होतेच. R = 1.1 घेऊन तोच आलेख काढून पाहावा. दहा सेंटीमीटरला एक एकक धरले, तर R = 2 च्या वेळी वक्र आणि रेघ यांच्यातली जास्तीत जास्त फट दीड सेंटीमीटर होती. R = 1.1 ला ती उरते ०.४३ मिलिमीटर. पेन्सिलीची रेघच साधारण तेवढी जाड असते! कागदावर वक्र रेघेला चिकटून जातो, मग हळूच सुटून खाली वळतो, आणि नेमका कुठे सुटला हे डोळ्याला सांगता येत नाही. एकजण ०.१ म्हणेल, दुसरा ०.२५. खरे उत्तर ०.१७६ आहे. आलेखाने उकल काढताना सर्वात जास्त फसगत इथे होते: दोन रेषा एकमेकींना उभ्या कापत असतील तर छेदनबिंदू टोकदार दिसतो, तिरप्या घासून जात असतील तर तो लांबट डाग होतो.

त्यावर उपाय साधा आहे. दोन आलेख न काढता त्यांच्यातली फटच काढायची: y = 1 − e^(-Rz) − z. हा वक्र शून्यातून वर उठतो, टेकडी करतो आणि आडव्या अक्षाला छेदून खाली जातो. उभ्या अक्षाचे प्रमाण आता हवे तेवढे वाढवता येते. अर्ध्या मिलिमीटरची फट शंभर पट मोठी केली की चार सेंटीमीटरची टेकडी होते, आणि अक्ष कुठे छेदला ते स्वच्छ दिसते.

केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांच्यासमोर याहून कठीण काम होते. त्यांना साथीचा शेवट तर हवा होताच, पण आठवड्या-आठवड्याला ती कशी चढली-उतरली याचा वक्रही हवा होता. त्या वेगाच्या समीकरणात हीच जोडी बसली होती, घातांकी पदातून वजा रेषीय पद, आणि तिचे नेमके सूत्र मिळेना. त्यांनी तडजोड केली. e^(-u) च्या जागी त्याच्या मालिकेची पहिली तीन पदे, 1 − u + u²/2, एवढीच ठेवली. घातांक गेला, वर्ग उरला, आणि वर्ग सोडवता येतो. मुंबईच्या आकड्यांना त्यांनी जो वक्र बसवला तो असा मिळालेला आहे: मध्यभागी सतराव्या आठवड्यात सुमारे ८९० मृत्यूंचे शिखर, आणि दोन्ही बाजूंना अगदी सारखा उतार.

ही तडजोड u लहान असेपर्यंत चालते. साथीच्या शेवटाच्या समीकरणात तीच वापरली तर z = 2(R − 1)/R² असे सुटसुटीत सूत्र मिळते. R = 1.1 ला ते १६.५ टक्के सांगते, खरे उत्तर १७.६, वाईट नाही. R = 2 ला ते ५० टक्के सांगते, खरे उत्तर जवळपास ८०. आणि R = 3 ला? सूत्र म्हणते ४४ टक्के, खरे उत्तर ९४. रोग जास्त संसर्गजन्य झाला तर कमी माणसे आजारी पडतील, असे हे सूत्र सांगू लागते! इथे आलेख शेजारी असला की चूक लगेच पकडली जाते. घातांकी वक्राच्या जागी पॅराबोला आला आहे. घातांकी वक्र वर जाऊन सपाट होतो, पॅराबोला मात्र शिखर गाठून परत खाली येतो. दोन्ही एकाच कागदावर काढले की ते कुठवर एकत्र चालतात आणि कुठे फारकत घेतात, हे दिसते.

मुंबईच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती गणिताबाहेरची. प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग. तो माणसात येतो पिसवांमार्फत. माणसाकडून माणसाकडे अशी समीकरणातली मांडणी त्याला नीट लागू होत नाही, याची या दोन लेखकांनाही कल्पना होती. त्यातच मुंबईतला प्लेग वर्षानुवर्षे हिवाळ्याच्या अखेरीस चढायचा आणि उन्हाळ्यात उतरायचा. तो उतार माणसे कमी पडल्यामुळे होता की ऋतू बदलल्यामुळे, हे १९०५-०६ च्या एकट्या वक्रावरून ठरत नाही. वक्र आकड्यांवर छान बसला एवढ्यावरून त्यामागचे कारणही बरोबर ठरते, असे मानता येत नाही.

पुन्हा समीकरणाकडे. नेमके सूत्र आज तरी सापडले आहे का? एका अर्थाने, हो. योहान लॅम्बर्ट यांनी १७५८ मध्ये आणि त्यांच्यानंतर ऑयलर यांनी अशा समीकरणांचा अभ्यास केला. त्यातून निघालेल्या एका फलाला आता लॅम्बर्ट W म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच e-घाताने गुणले की दिलेली संख्या मिळते, ती शोधून देणारे हे फल. ते वापरले की साथीची उकल एका ओळीत लिहिता येते: z = 1 + W(-R e^(-R))/R. पण W ची किंमत काढायला आतून तेच करावे लागते जे वर केले: कुठे वर, कुठे खाली, ते पाहत अंतर कमी करत जायचे. शिवाय इथे W ला दोन शाखा आहेत. चुकीची शाखा निवडली तर R = 2 ला गणकयंत्र निमूटपणे z = 0 देते. दोन शाखा म्हणजे आलेखावरचे तेच दोन छेदनबिंदू. चित्र आधी काढलेले असेल तर कुठली शाखा हवी हे विचारावे लागत नाही.

बीजगणिताच्या ओळखीच्या क्रियांनी ही उकल मिळणारच नाही, हे नुसते हतबल होऊन म्हटलेले नाही. ते सिद्ध करता येते. १८८२ मध्ये लिंडेमन यांनी ज्या विचारातून π बद्दलचा आपला प्रसिद्ध निकाल काढला, त्याच विचारातून हेही निघते: शून्य सोडून कोणत्याही बैजिक संख्येचा, म्हणजे पूर्णांक सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाची उकल असणाऱ्या संख्येचा, e वर घात केला तर येणारी संख्या बैजिक नसते. आता R = 2 ची आपली उकल बैजिक आहे असे क्षणभर धरा. मग 1 − z हेही बैजिक. पण ते e^(-2z) इतके आहे, जे बैजिक असूच शकत नाही. विरोध आला. म्हणून ०.७९६८… ही संख्या कोणत्याही वर्गमुळांच्या, घनमुळांच्या रचनेत कधीच बसणार नाही.

एवढे सगळे करूनही दर वेळी R बदलला की नवा वक्र, नवा शोध. ते टाळण्याची एक सुंदर युक्ती आहे. z साठी सोडवताना अडणारे हे समीकरण R साठी सोडवले तर क्षणात सुटते, कारण R एकदाच येतो: R = −ln(1 − z)/z. म्हणून उलटे चालायचे. z आपणच निवडायचा आणि R काढायचा. z = 0.1 ला R येतो १.०५, ०.३ ला १.१९, ०.५ ला १.३९, ०.८ ला २.०१, ०.९ ला २.५६, ०.९५ ला ३.१५. हे बिंदू R आडव्या अक्षावर आणि z उभ्या अक्षावर घेऊन जोडले, की एकच वक्र मिळतो, आणि कुठल्याही R चे उत्तर त्यावर नुसते वाचायचे. साथ संपल्यावर रक्ततपासणीच्या पाहणीतून किती जणांना संसर्ग झाला हे कळले, तर तोच वक्र उलट दिशेने वाचून R चा अंदाज घेता येतो. अट एवढीच की सुरुवातीला कोणालाच प्रतिकारशक्ती नव्हती आणि माणसे एकमेकांत सरमिसळ होती.

हा वक्र R = 1 पासून झपाट्याने उठतो. १.०५ वरून १.१९ पर्यंत, म्हणजे R मध्ये जेमतेम ०.१४ ची वाढ, आणि आजाऱ्यांचा हिस्सा दहा टक्क्यांवरून तीस टक्क्यांवर. वरच्या टोकाला मात्र R २.५६ वरून ३.१५ झाला तरी हिस्सा नव्वदवरून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंतच सरकतो.